पाकाचं वजन लिहून पाठवा

मुलगी परदेशात शिकायला गेली की दिवाळीच्या आधी तिचं एक पत्र हमखास येतं. मालाडच्या आमच्या सोसायटीत यंदा ते शेजारच्या वहिनींना आलं. मुलगी अमेरिकेत, डेन्व्हरला आहे. तिने लिहिलं होतं, “आई, रव्याच्या लाडवांचं नेमकं प्रमाण कळव. ‘अंदाजाने’ हा शब्द नको. आणि पाक झाला हे कसं ओळखायचं ते मला जमेल असं सांग. मागच्या खेपेचे लाडू फोडायला बत्ता लागला असता.”

वहिनींनी उत्तर लिहायला घेतलं ते आपण सगळ्याच लिहितो तसं: दोन वाट्या रवा, दीड वाटी साखर, साखर बुडेल इतकं पाणी, एकतारी पाक. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून घराघरांत रुजवलेलं हे वाटी-चमच्याचं माप खोटं नाही. रवा आणि साखर एकाच वाटीने मोजली तर वाटी लहान असो की मोठी, प्रमाण बिघडत नाही. घोळ होतो तो पाण्यात. पातेलं पसरट असेल तर साखर बुडायला जास्त पाणी लागतं, उभट असेल तर कमी. मग ‘दहा मिनिटं उकळ’ असं सांगून काय उपयोग?

म्हणून माझं सांगणं एवढंच, की मुलीला पाकाचं वजन कळवा. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा तिकडे सहज मिळतो.

वीसेक लाडवांसाठी बारीक रवा ३०० ग्रॅम, तूप ८० ग्रॅम, खवलेलं ओलं खोबरं १०० ग्रॅम, साखर २५० ग्रॅम आणि पाणी १२५ ग्रॅम. रवा तुपात मंद आचेवर भाजायचा. पंधरा-वीस मिनिटांत तो उलथन्याला हलका लागतो आणि खमंग वास सुटतो. रंग मात्र बदलू द्यायचा नाही. मग खोबरं घालून त्यातलं पाणी आटेपर्यंत परतायचं. भारतीय दुकानातलं गोठवलेलं खोबरं चालतं, फक्त ते आधी पूर्ण सुटं होऊ द्यावं.

आता पाक. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवायचं. समजा ते ४०० ग्रॅम भरलं. साखर आणि पाणी घातल्यावर काटा ७७५ दाखवेल. साखर विरघळेपर्यंत ढवळायचं, लिंबाचे चार थेंब पिळायचे म्हणजे पाकाची पुन्हा साखर होत नाही, आणि मग उकळू द्यायचं. मधूनमधून पातेलं उचलून काट्यावर ठेवायचं. काट्यावर आधी लाकडी पाट ठेवून आकडा शून्यावर आणलेला असावा. पातेल्यासकट वजन ७२० झालं, म्हणजे पाक ३२० ग्रॅम उरला, की तो एकतारी झाला. विजेची शेगडी बंद केली तरी तापलेली राहते, म्हणून पातेलं लगेच खाली उतरवायचं. पाक ३०० ग्रॅमच्या खाली गेला की लाडू दगड होतात. ३४० च्या वर राहिला तर ते बसकण मारतात.

काहीजणी थर्मामीटर वापरतात. मुंबईत एकतारी पाक साधारण १०५ ते ११० अंशांच्या दरम्यान येतो. पण डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंच आहे. तिथे पाणीच ९५ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे इथला आकडा गाठेपर्यंत उकळलं तर पाक पुढे जातो. वजनाला ही भानगड नाही.

बोटांची परीक्षाही शिकवा, पण थेंब बशीत थोडा निवल्यावर. उकळता पाक बोटावर घेऊ नये, पोळतं.

गरम पाकात रवा घातला की मिश्रण सैलच दिसतं. इथे मुली घाबरतात आणि वरून कोरडा रवा ढकलतात. तसं करू नये. झाकून ठेवावं, अधूनमधून ढवळावं. रवा दीड-दोन तासांत पाक पितो. चार तासांनीही वळता येत नसेल तर पाक कच्चा राहिला असं समजून मंद आचेवर थोडं परतावं. उलट मिश्रण भुरभुरत असेल तर गरम दुधाचा एकेक चमचा शिंपडून मळावं. थंडीत तूप थिजूनही ते कोरडं वाटतं, म्हणून दूध घालण्याआधी जरा कोमट करून पाहावं. वेलची आणि बेदाणे चवीप्रमाणे. तिथे ‘अंदाजाने’ लिहिलंत तरी चालेल.

ओल्या खोबऱ्याचे लाडू बाहेर फार टिकत नाहीत, दोन दिवसांनी फ्रिजमध्ये ठेवायला सांगा.

आणि उत्तर पाठवण्याआधी एक घाणा स्वतः काट्यावर करून बघा. तुमच्या घरचा लाडू थोडा मऊ किंवा थोडा घट्ट असेल, तर तुमच्या पाकाचं वजन माझ्या ३२० हून वेगळं येईल. मुलीला तोच आकडा कळवा.