कात्रपचे धुरके आणि चोवीस तासांची सरासरी

बदलापूरच्या थंडीचे मुंबईकरांना कौतुक असते. परंतु ज्या कारणाने येथे पारा उतरतो, त्याच कारणाने कात्रपच्या रहिवाशाच्या वाट्याला पहाटेचे धुरकेही येते, हे सहसा कोणी बोलत नाही.

एरवी जमिनीलगतची हवा उबदार असते. ती वर चढते आणि धूर सोबत नेते. हिवाळ्यातील निरभ्र, निवांत रात्री मात्र जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते, डोंगरउतारांवरील गार, जड हवा उल्हासच्या खोऱ्यात उतरून साचते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. हाच तापमानविपर्यय. खाली सोडलेला धूर मग खालीच राहतो. कमी उंचीच्या धुराड्याचा धूर थोडा वर जाऊन एकाएकी आडवा पसरताना दिसला, तर झाकण बसले आहे असे खुशाल समजावे.

समजा, दुपारी धूर हजार मीटर उंचीपर्यंत मिसळतो आणि रात्री केवळ शंभर मीटरपर्यंत. वारा तेवढाच धरला, तरी तेवढ्याच धुराची दाटी दसपट होते. आणि रात्री वाराही पडलेला असतो. म्हणून कारखान्याने, वीटभट्टीने वा मालमोटारीने दुपारी सोडलेला धूर आणि मध्यरात्री सोडलेला धूर हे एकच माप नव्हे.

सूर्योदयानंतर लगेच सुटका होते असेही नाही. जमीन तापू लागली की हवा घुसळली जाते आणि उंच धुराड्यांचा, रात्रभर वर अडकून राहिलेला धूर काही काळ खाली ओढला जातो. नेमकी ती वेळ मुलांची शाळेत जाण्याची. पहिल्या लोकलसाठी निघणारा कामगार त्याआधीच ती हवा छातीत भरून गेलेला असतो. भट्टीशेजारच्या खोपटात राहणाऱ्या कातकरी कुटुंबाला तर दार लावून घेण्याचीही सोय नसते.

आता कायद्याकडे पाहू. 2009 च्या राष्ट्रीय मानकांनुसार सूक्ष्म धूलिकणांची (पीएम 2.5) मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे, पण ती चोवीस तासांच्या सरासरीची. कार्बन मोनॉक्साइड आणि ओझोन यांना तासाची मर्यादा आहे. धूलिकणांना आणि गंधकाच्या धुराला नाही. पहाटेचे सहा तास 150 आणि उरलेले अठरा तास 30 असा दिवस घ्या. सरासरी भरते बरोबर 60. कागद स्वच्छ, छाती काळी!

लंडनमध्ये डिसेंबर 1952 मध्ये असेच झाकण पाच दिवस बसले आणि हजारो माणसे दगावली. त्यानंतर 1956 साली तेथे कायदा झाला. आपल्याकडे झाकण बहुधा दहा वाजेपर्यंत उठते आणि त्याबरोबर तक्रारही विरते.

तेव्हा नगरपालिकेकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागणी नेमकी करावी: सरासरी नको, रात्री दहा ते सकाळी दहापर्यंतचे दर तासाचे आकडे प्रसिद्ध करा, आणि निवांत रात्रींच्या पूर्वसूचनेवर त्या बारा तासांत धूर सोडण्यावर बंधन घाला. हवामान खाते वाऱ्याचा अंदाज रोज देतेच.