‘टालना’ आणि ‘टाळणे’ यांच्यामध्ये हरवणारे गुण

धार आणि देवास ही पवार घराण्याची जुनी संस्थाने. संस्थाने विलीन झाली, तरी तेथील अनेक घरांतून आजही मराठी बोलली जाते. शाळा, बाजार आणि कचेरी मात्र हिंदीची आहे. पदवी हाती आली की या घरांतील मुले इंदूरचा रस्ता धरतात. देवासपासून इंदूर जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटर, धारपासून साठेक. भंवरकुआँ परिसरात स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्या दाटीने उभ्या आहेत. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीस्तरीय परीक्षेची तयारी तेथे हिंदीतून होते आणि इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्याही हिंदी अर्थांसह मिळतात. याद्यांनी भरलेली वही पाठ करूनही गुण का निसटतात, याचे एक कारण नेमके या हिंदी अर्थांत दडलेले आहे.

गुणांचा हिशेब आधी पाहावा. या परीक्षेच्या दुसऱ्या टप्प्यात इंग्रजीचे ४५ प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. म्हणजे येत असलेले एक उत्तर गफलतीने चुकले, तर चार गुणांचा फरक पडतो. गुणवत्ता यादीत चार गुणांच्या अंतरात किती नावे असतात, हे उमेदवारांना सांगण्याची गरज नाही.

आता एक उदाहरण घेऊ. ‘पुट ऑफ’ या क्रियापदासमोर यादीत हिंदी अर्थ असतो ‘टालना’. हिंदीत ‘टालना’ म्हणजे लांबणीवर टाकणे, तसेच चुकवणेही. मराठी कानाला मात्र त्यात ‘टाळणे’ ऐकू येते आणि मराठीत टाळणे म्हणजे चुकवणेच. पुढची तारीख ठरवणे नव्हे. प्रश्नपत्रिकेत वाक्य येते, ‘द मीटिंग हॅज बीन पुट ऑफ टिल मंडे.’ पर्याय असतात: पोस्टपोन्ड, कॅन्सल्ड, अव्हॉइडेड, अरेंज्ड. मराठी घरातला विद्यार्थी घाईत ‘अव्हॉइडेड’वर खूण करतो. त्याने यादी पाठ केली होती, अर्थही आठवला होता. चूक झाली ती इंग्रजीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत उतरताना. वाक्याकडे पाहिले असते तर उत्तर समोरच होते. ‘टिल मंडे’ म्हणजे ‘सोमवारपर्यंत’. जी बैठक रद्द झाली किंवा टाळली गेली, तिला सोमवार उरत नाही. आणि ‘टिल मंडे’ काढून तेथे ‘ड्यू टू रेन’ घातले, तर ‘कॉल्ड ऑफ’, म्हणजे रद्द, हेही चपखल बसते. सभोवतालचे दोन-तीन शब्दच अर्थ ठरवतात, आणि यादीतून वगळले जातात ते नेमके हेच शब्द.

तीन भाषांची ही अडचण इंग्रजीपुरती नाही. मध्य प्रदेशातल्या भरती परीक्षांत हिंदी मुहावरेही विचारले जातात. ‘पाँव भारी होना’ याचा हिंदी अर्थ गर्भवती असणे. मराठी माणसाचे पाय जड होतात ते निरोप घेताना. उलट, हिंदीत भूक लागल्यावर पोटात उंदीर उड्या मारतात आणि मराठीत कावळे ओरडतात, पण त्यात कोणी फसत नाही, कारण वेगळेपण दिसते. फसवतात ते सारखे दिसणारे शब्द.

मग परीक्षेत प्रत्यक्ष येते तरी काय? येथे दोन प्रकार वेगळे ठेवावे लागतात. इंग्रजी वाक्प्रचार, म्हणजे ‘व्हाइट एलिफंट’ किंवा ‘बरी द हॅचेट’ यांसारखे ठरीव शब्दसमूह, पुष्कळदा एकटेच दिले जातात आणि चार अर्थांतून निवड करायची असते. येथे संदर्भ नसतो, त्यामुळे पाठांतराला पर्याय नाही. पांढरा हत्ती मराठीतही पोसला जातो म्हणून तो सोपा. पण गाडलेल्या कुऱ्हाडीवरून भांडण मिटल्याचे कोणाला सुचणार? ‘यादी अजिबात नको’ असे सांगणारे शिक्षक हा भाग विसरतात.

क्रियापद आणि त्याला जोडलेले लहान अव्यय, म्हणजे फ्रेझल व्हर्ब, यांचे तसे नाही. स्वतंत्र नावाने त्यांचा प्रश्न क्वचितच येतो. ती लपून येतात: गाळलेल्या जागांच्या उताऱ्यात, वाक्यातला चुकीचा भाग ओळखण्यात, अधोरेखित शब्द सुधारण्यात. आणि तेथे अर्थ नव्हे, रचना विचारली जाते. ‘लुक फॉरवर्ड टू’ म्हणजे उत्सुकतेने वाट पाहणे, हे सर्वांना येते. परंतु ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ या वाक्यातील चूक ‘टू मीट’मध्ये आहे, तेथे ‘टू मीटिंग’ हवे, हे यादीतल्या दोन शब्दांच्या अर्थातून कळत नाही. तसेच ‘पुट इट ऑफ’ बरोबर आणि ‘पुट ऑफ इट’ चूक. पण ‘लुक आफ्टर हर’ बरोबर आणि ‘लुक हर आफ्टर’ चूक. मराठीत ‘ती पुढे ढकलली’ म्हणताना सर्वनामाच्या जागेचा प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून मातृभाषा येथे इशाराही देत नाही.

ज्याला हे क्रियापद समजावून द्यायचे आहे, त्याने मराठीतले ‘लागणे’ पुढे करावे. भूक लागते, आग लागते, रांग लागते, निकाल लागतो, ठेच लागते, आणि मूल रडू लागते. ‘लागणे’चे सहा अर्थ कोणी लिहून पाठ केलेले नाहीत, शेजारचा शब्द पाहून ते कळतात. इंग्रजीतील ‘पुट’ किंवा ‘टेक’ यांच्याबाबतही हेच करायचे आहे, फक्त ते लहानपणी कानावर पडलेले नाहीत.

देवासच्या थोरल्या पातीच्या तरुण राजाला १९०७ पासून माल्कम डार्लिंग हे इंग्रज शिक्षक लाभले होते आणि १९२१ मध्ये कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर त्यांच्याकडे खासगी चिटणीस होते. इंग्रजी सतत कानावर पडण्याची ही सोय राजवाड्यापुरतीच होती. इतरांना ती वर्तमानपत्राच्या कागदावर उभी करावी लागते. त्यासाठी एक साधा मार्ग उपयोगी पडतो. रोज एका बातमीतले एकच असे क्रियापद निवडावे आणि त्याचे संपूर्ण वाक्य वहीत उतरवावे. अर्थ लिहू नये. त्याऐवजी ज्या शब्दावरून अर्थ कळला, त्याखाली रेघ मारावी. आठवड्याने वहीतले अव्यय बोटाने झाकून वाक्य वाचावे. ते आठवले नाही, तर तेवढेच वाक्य पुन्हा उतरवावे. वही मंद गतीने भरते, हा या पद्धतीचा खरा तोटा. परीक्षा महिन्यावर आली असेल, तर तिचा फारसा उपयोग नाही. तेव्हा मागील प्रश्नपत्रिकांतील चुकलेली वाक्ये तेवढी अशी लिहावीत. लोकसेवा आयोगाच्या संरक्षण सेवा परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात.

हा प्रश्न माळव्यापुरता मर्यादित समजण्याचे कारण नाही. पणजी हेही कर्मचारी निवड आयोगाचे परीक्षा केंद्र आहे. मराठी माध्यमातून प्राथमिक शिक्षण घेतलेला पेडण्याचा किंवा डिचोलीचा उमेदवार मोबाइलवर जे धडे पाहतो, त्यांतील पुष्कळसे हिंदीतलेच असतात. ‘टालना’ त्याच्याही कानावर पडतो, आणि त्याच्या घरातही टाळणे म्हणजे चुकवणेच.