साडेचारशे माणसे, पण कोणाची?

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका नागरी सहकारी बँकेसाठी मुख्य कार्यकारी अधिकारी निवडावयाचा होता, आणि त्या निवड समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून बसण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. बँक फार मोठी नाही. अठरा शाखा, १९० कर्मचारी, सुमारे ६४० कोटींच्या ठेवी. ठेवीदार म्हणाल तर निवृत्त शिक्षक, कचेऱ्यांतील कारकून आणि बाजारपेठेतील लहान दुकानदार. छाननीनंतर दोन अर्ज उरले, आणि त्यांतील पहिला अर्ज वाचून समितीतील बहुतेकांचा निर्णय मुलाखतीपूर्वीच झाल्यासारखा दिसला.

अर्जदार एका मोठ्या व्यापारी बँकेचे विभागीय प्रमुख होते. बायोडेटाच्या पहिल्याच पानावर चार आकडे ठळक अक्षरांत होते : बेचाळीस शाखांचा विभाग, ४५० कर्मचारी, वर्षाला ५२ कोटींचा खर्च, आणि दोन वर्षांत अनुत्पादक कर्जांचे प्रमाण नऊ टक्क्यांवरून चार टक्क्यांवर. ज्याने एवढा पसारा सांभाळला त्याला आमच्या अठरा शाखा म्हणजे हातचा मळ, असे एका संचालकांनी बोलूनही दाखविले. यांतला एकही आकडा खोटा नव्हता, हे आरंभीच सांगितले पाहिजे. प्रश्न एवढाच होता की, त्या आकड्यांतले किती या गृहस्थांचे आणि किती त्यांच्या खुर्चीचे?

अर्ज जोखण्यापूर्वी आम्हांला आमचीच जाहिरात जोखावी लागली. ‘धोरणात्मक नेतृत्व देऊ शकेल असा’ हे शब्द तिच्यात होते. त्यांवरून कोणालाही निवडता येते किंवा नाकारता येते. पुढल्या तीन वर्षांत या अधिकाऱ्याने नेमके काय करावयाचे, असे अध्यक्षांना विचारले तेव्हा खरी अडचण बाहेर आली. बँकेचे जवळजवळ निम्मे कर्ज चाळीसेक बड्या कर्जदारांकडे अडकले होते. नागरी सहकारी बँकांची किमान निम्मी कर्जे लहान रकमांची असावीत, असे बंधन रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये घातले आहे. ते उगीच नव्हे. २०१९ साली पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा तिच्या कर्जांचा फार मोठा भाग एकाच बांधकाम समूहाकडे गेल्याचे उघड झाले, आणि ठेवीदारांना प्रारंभी केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा उरली. तेव्हा आमच्या पदाचा खरा मजकूर असा होता : मोठी कर्जे कमी करावयाची, लहान कर्जे वाढवावयाची, आणि हे करताना ज्या संचालकांचे बड्या कर्जदारांशी घरोब्याचे संबंध आहेत त्यांना ‘नाही’ म्हणावयाचे. असे टिपण हाती आल्यावर मुलाखतीला अर्थ आला.

पहिल्या अर्जदारांना आम्ही विचारले की, या ४५० कर्मचाऱ्यांपैकी किती जण थेट आपल्याला उत्तरदायी होते? उत्तर आले, पाच. उरलेल्यांची भरती, बढती आणि शिक्षा मुंबईच्या मुख्य कार्यालयातून होत असे. बदल्यांची त्यांनी केवळ शिफारस करावयाची. ५२ कोटींच्या खर्चाचेही तसेच. त्यातले ४१ कोटी पगाराचे, आठ कोटी भाडे, वीज आणि सुरक्षेचे, आणि ते वरून ठरून येत. उरलेल्या तीन कोटींत त्यांची मर्जी चालत असे, तीही ठरावीक मर्यादेत. अंदाजपत्रक ‘सांभाळणे’ आणि अंदाजपत्रक ‘ठरविणे’ ही क्रियापदे बायोडेटात शेजारी शेजारी नांदतात. प्रत्यक्षात त्यांच्यात कारकून आणि खजिनदार यांच्यातले अंतर असते. (कारकून वाचकांनी राग मानू नये, खजिनदारापेक्षा जास्त हिशेब त्यांनाच ठाऊक असतो.)

सर्वांत मोहक आकडा शेवटचा होता, म्हणून त्यावर आम्ही जास्त वेळ घेतला. आरंभी विभागाची एकूण कर्जे १००० कोटी, त्यांपैकी अनुत्पादक ९० कोटी, म्हणजे नऊ टक्के. दोन वर्षांनी एकूण कर्जे १५०० कोटी आणि अनुत्पादक ६० कोटी, म्हणजे चार टक्के. तीस कोटी कमी झाले, परंतु ते गेले कोठे? बावीस कोटींची खाती मुख्य कार्यालयाच्या वसुली विभागाकडे वर्ग झाली होती. ती बुडीतच होती, केवळ दुसऱ्याच्या वहीत गेली. प्रत्यक्ष घट आठ कोटींची. खाती वर्ग झाली नसती आणि कर्जेही वाढली नसती, तर प्रमाण ८.२ टक्के राहिले असते. राहता राहिली नवी पाचशे कोटींची कर्जे. त्यांतील बहुतेक मोठ्या प्रकल्पांची होती आणि ज्यांच्या मुद्दलाचा पहिला हप्ताही अजून पडलेला नव्हता अशी होती. हप्ता सुरूच न झालेले कर्ज थकणार कसे? छेद वाढला की अपूर्णांक लहान होतो, हे सातवीतला मुलगा जाणतो. कर्ज वाईट निघण्यास काळ लागतो, म्हणून दोन वर्षांच्या कारकीर्दीतले यश पुष्कळदा आधीच्या माणसाचे असते आणि अपयश नंतरच्या माणसाच्या नावे लागते. बायोडेटात पदावरील महिने आणि फलिताचा काळ एकमेकांशेजारी मांडून पाहावेत ते यासाठी.

या गृहस्थांवर अन्याय होऊ नये. त्यांनी एकही प्रश्न टाळला नाही, आणि मोठ्या यंत्रणेत शिस्तीने काम करणे हेही कसब आहे. परंतु वर न विचारता आपण घेतलेला सर्वांत मोठा निर्णय कोणता, या प्रश्नावर ते बराच वेळ थांबले. शिवाय त्यांची वाढ मोठ्या कर्जांतून आलेली. आम्हांला नेमके त्याच्या उलट करावयाचे होते.

दुसऱ्या अर्जदार बाई अकरा शाखांच्या एका सहकारी बँकेत दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकारी होत्या. १२० कर्मचारी, ठेवी आमच्याहून कमी. कागदावर अर्ज फिका. परंतु त्यांच्या बँकेने संगणक प्रणाली बदलली तेव्हा तीन कोटींचा तो खर्च त्यांनी स्वतः मांडला, पुरवठादार स्वतः निवडला आणि काम आठ महिने लांबले याचे कारणही स्वतःच सांगितले. सोनेतारण व लहान व्यापाऱ्यांची कर्जे त्यांनी चार वर्षांत वाढविली होती, आणि त्यांतली पहिल्या वर्षाची कर्जे आता पूर्ण फिटत आली होती. म्हणजे त्यांचा आकडा पिकलेला होता. एका संचालकाच्या नातलगाचे कर्ज नाकारल्याचा प्रसंग आम्ही विचारल्यावरच त्यांनी सांगितला, आणि त्यांच्या जुन्या वरिष्ठांकडे चौकशी केली तेव्हा तो खरा निघाला. उणीव होती ती आकाराची. १९० माणसांची संस्था त्यांनी कधी चालविलेली नव्हती, आणि वसुलीच्या मोठ्या दाव्यांचा अनुभव तोकडा होता.

समितीत मतभेद अखेरपर्यंत राहिले. तीन विरुद्ध दोन अशा मतांनी दुसऱ्या अर्जदारांची शिफारस झाली. वसुलीसाठी अनुभवी दुय्यम अधिकारी नेमावा, ही अट तिला जोडली गेली, आणि पहिल्या अर्जाचा तो नऊ आणि चार टक्क्यांचा हिशेब संचालक मंडळाच्या आग्रहावरून टिपणासोबत लावण्यात आला. मग कागद पूर्वमान्यतेसाठी रिझर्व्ह बँकेकडे रवाना झाले.