विशेषणे खोडा, नोंदी लिहा

मार्च संपत आला की आपल्या वाचकांपैकी बहुतेकांच्या टेबलावर एकच काम असते. विभागप्रमुखांनी भरलेले वार्षिक मूल्यमापनाचे फॉर्म येतात, रेटिंग आणि इन्क्रिमेंटची गणिते मांडली जातात, आणि शेऱ्यांचा रकाना कोणी वाचलाच तर वरवर वाचतो. त्या शेऱ्याचे संपादन करणे हेही मनुष्यबळ विभागाचे काम आहे, हे या अंकात आग्रहाने सांगायचे आहे. संपादन म्हणजे भाषा सुधारणे असे आम्ही म्हणत नाही. शेऱ्यातले प्रत्येक विधान तपासायचे, तपासात टिकेल तेवढेच ठेवायचे, असा त्याचा अर्थ. असे केले की शेरा आपोआप लहान होतो.

एक नमुना घेऊ. तो आम्ही रचला आहे, पण त्यातली वाक्ये तुम्हाला ओळखीची वाटतील. सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातल्या देखभाल विभागाच्या पाळी अभियंत्याबद्दल त्याच्या प्रमुखाने असे लिहिले आहे:

“कामात मेहनती, प्रामाणिक व आज्ञाधारक आहेत. वरिष्ठांचा आदर राखतात आणि सहकाऱ्यांमध्ये मिळून-मिसळून वागतात. तांत्रिक ज्ञान चांगले असून काम शिकण्याची तयारी आहे. मात्र अनेकदा कामात निष्काळजीपणा दिसून येतो. शिफ्ट हँडओव्हरकडे सतत दुर्लक्ष होते व त्यामुळे उत्पादनावर विपरीत परिणाम झाला आहे. स्वभाव काहीसा तापट असल्याने उत्पादन विभागाशी वाद होतात. संवादकौशल्यात सुधारणेला वाव आहे. स्वतःहून पुढाकार घेण्याची वृत्ती वाढवणे गरजेचे आहे. क्षमता भरपूर आहे, परंतु तिचा पूर्ण वापर होताना दिसत नाही. पुढील वर्षी अधिक जबाबदारीने काम करून स्वतःला सिद्ध करतील, अशी अपेक्षा आहे.”

सुमारे 80 शब्द झाले. हे वाचून त्या अभियंत्याने सोमवारी सकाळी काय वेगळे करायचे, हे कळत नाही. आता पेन्सिल घेऊन बसू.

पहिल्या वाचनात फक्त खुणा करायच्या. ज्या वाक्याला ‘कधी?’ आणि ‘कशावरून?’ असे विचारता येते, त्याखाली रेघ ओढायची. जे वाक्य नाव बदलून शेजारच्या विभागातल्या कोणालाही चिकटवता येते, त्यावर काट मारायची. ‘मेहनती’, ‘आदर राखतात’, ‘क्षमता भरपूर’, ‘स्वतःला सिद्ध करतील’ ही सगळी दुसऱ्या गटातली. ‘आज्ञाधारक’ हा तर देखभाल अभियंत्याच्या कामाचा निकषच नाही. रेघ फक्त तीन वाक्यांखाली राहते: हँडओव्हर, उत्पादन विभागाशी वाद आणि पुढाकार. या खुणा घेऊन प्रमुखासोबत पंधरा मिनिटे बसायचे. हे ईमेलवर होत नाही, कारण ईमेलला उत्तर म्हणून आणखी विशेषणे येतात.

पुढाकाराबद्दल विचारले तेव्हा प्रमुखाला एकही प्रसंग सांगता आला नाही. मागच्या वर्षीच्या फॉर्मवरून ते वाक्य तसेच उतरले होते. ते गेले. वादांबद्दल विचारल्यावर एकच प्रसंग निघाला. दुरुस्ती चालू असताना उत्पादन पर्यवेक्षकाने मशीन सुरू करायला सांगितले. विजेच्या मुख्य स्विचला कुलूप आणि धोक्याची पट्टी लावलेली होती, ती काढायला अभियंत्याने नकार दिला आणि त्याचा आवाज चढला. लॉकआउट-टॅगआउटचा नियम त्याच्या बाजूने होता. ज्या गोष्टीसाठी सुरक्षा अधिकाऱ्याने पाठ थोपटायला हवी, ती फॉर्ममध्ये ‘तापट’ होऊन बसली होती. केवळ भाषा गुळगुळीत करणाऱ्याने ‘तापट’च्या जागी ‘संयम वाढवावा’ असे लिहिले असते आणि अन्याय आणखी सभ्य शब्दांत कायम राहिला असता. तेही वाक्य गेले.

राहिले हँडओव्हर. ‘सतत दुर्लक्ष’ म्हणजे किती वेळा, हे रजिस्टर सांगू शकते. वर्षाचे रजिस्टर काढले. एप्रिल ते डिसेंबर नोंदी पूर्ण. जानेवारी ते मार्च या काळात तीन रात्री अशा, की अर्धवट राहिलेले काम लिहिलेलेच नाही. त्यांपैकी एकदा सकाळच्या पाळीला ते ठाऊक नसल्याने मशीन दोन तास थांबले. म्हणजे तक्रार खरी आहे, पण ‘सतत’ खरे नाही. मूल्यमापन मार्चअखेर लिहिले जाते आणि लिहिणाऱ्याला शेवटचे तीन महिनेच ठळक आठवतात, हा या फॉर्मचा जुनाच दोष. उपाय साधा आहे: नकारात्मक विधान ज्या महिन्यांचे, ते महिने लिहायचे आणि उरलेल्या महिन्यांत काय होते तेही लिहायचे.

इथे थांबायचे नाही. प्रसंग नेमका आहे म्हणून तो न्याय्य ठरत नाही. आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, हे त्या माणसाच्या हातात होते का? त्या तिमाहीत रात्रपाळीत एक तंत्रज्ञ कमी होता, असे हजेरीपटावरून दिसले. त्यामुळे कामे अर्धवट राहिली हे समजण्यासारखे आहे. पण अर्धवट काम रजिस्टरमध्ये लिहिणे त्याच्याच हातात होते. म्हणून शेऱ्यात न झालेल्या कामाचा दोष नको, न केलेल्या नोंदीचा हवा. दुसरी, हाच निकष इतर पाळी अभियंत्यांना लावला आहे का? त्यांची रजिस्टरे पाहा. त्यांच्याही नोंदी तशाच गळल्या असतील, तर प्रश्न पद्धतीचा आहे आणि तो एकाच्या फॉर्मवर लिहिता येणार नाही. आपल्या नमुन्यात इतरांच्या नोंदी पूर्ण होत्या. तिसरी, हे त्याला वर्षात कधी सांगितले होते का? प्रमुखाने फेब्रुवारीत तोंडी सांगितले होते आणि अभियंत्यालाही ते आठवत होते. ते सांगितलेच नसते, तर शेरा लिहिता आला असता, पण त्यावरून रेटिंग उतरवणे आम्ही गैर मानतो. वार्षिक फॉर्मवर माणसाला नवी तक्रार कळणे हे प्रमुखाच्या कामातले न्यून आहे.

कौतुकाची बाजूही अशीच तपासायची. ‘मेहनती’ म्हणजे काय केले, असे विचारल्यावर प्रमुखाने लगेच दोन गोष्टी सांगितल्या, त्याही कामाच्या. आता शेरा असा झाला:

“वर्षभर प्रतिबंधात्मक देखभाल वेळापत्रकाप्रमाणे केली. कूलंट पंप वारंवार बंद पडण्याचे कारण शोधून दूर केले. डिसेंबरपर्यंत हँडओव्हर नोंदी पूर्ण होत्या. जानेवारी ते मार्चमध्ये तीनदा अपुरी कामे नोंदली गेली नाहीत, एकदा मशीन दोन तास थांबले. यापुढे पाळी सोडण्यापूर्वी प्रत्येक अपुरे काम लिहून पुढच्या अभियंत्याची सही घ्यावी. जूनअखेर रजिस्टर पाहून आढावा घेऊ.”

शब्द पन्नासच्या आसपास. त्यात एकही विशेषण माणसाच्या स्वभावाला लावलेले नाही. हे केवळ सौजन्य म्हणून सुचवत नाही. क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी 1996 मध्ये अभिप्रायाविषयीचे जुने प्रयोग एकत्र करून 607 परिणाम तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी खालावली. त्यांनी मांडलेले स्पष्टीकरण असे, की लक्ष कामावरून उठून ‘मी कसा आहे’ याकडे वळले की अभिप्रायाचा उपयोग घटतो. ‘निष्काळजी’ हा शब्द वाचणारा स्वतःचा बचाव करू लागतो. ‘तीन रात्री नोंद नाही’ हे वाचणारा रजिस्टर उघडतो.

सरकारी सेवेतल्या वाचकांना विशेषणाची किंमत वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतले कार्यकारी अभियंता देव दत्त यांच्या पदोन्नतीसाठी पाच वर्षे ‘खूप चांगला’ हा शेरा लागत होता. 1993-94 या एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा पडला आणि तो त्यांना कळवलाही गेला नाही. शेरा कौतुकाचा दिसत होता, पण पदोन्नती त्यानेच अडवली. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की वार्षिक गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद, बरी असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. त्यानंतर मे 2009 मध्ये केंद्राच्या कार्मिक विभागाने पूर्ण अहवाल दाखवण्याची आणि त्यावर म्हणणे मांडायला पंधरा दिवस देण्याची पद्धत घालून दिली. खासगी कंपन्यांना हा निर्णय थेट लागू नाही. तरीही कसोटी म्हणून तो उपयोगी आहे: हा शेरा समोरच्याच्या हाती दिला आणि त्याने लेखी उत्तर दिले, तर आपल्याकडे दाखवायला काय आहे?

संक्षेपाला मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. रेटिंग सर्वांत खालचे असेल किंवा त्यापुढे सुधारणा योजना लावायची असेल, तर पन्नास शब्द पुरणार नाहीत. तिथे शेरा आटोपशीर ठेवून प्रसंग, तारखा आणि वेळोवेळी दिलेल्या सूचना वेगळ्या पानावर जोडाव्यात. एखाद्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट नेमकेपणाच्या हौसेने अशी लिहू नये, की सांगणारा ओळखू येईल. लैंगिक छळाची तक्रार असेल तर तिची जागा अंतर्गत समिती आहे, शेऱ्याचा रकाना नाही. आणि ज्या कामांची नोंदच कुठे होत नाही, तिथे ओढूनताणून आकडा काढू नये. पाहिलेला एक प्रसंग साध्या शब्दांत लिहिला तरी पुरतो.

अडचण वेळेची आहे, हे आम्ही जाणतो. एका फॉर्ममागे पंधरा मिनिटे धरली तर 200 माणसांच्या कारखान्यात पन्नास तास होतात. म्हणून यंदा सगळे फॉर्म घेऊ नका. ज्यांचे रेटिंग गेल्या वर्षीपेक्षा खाली आले आहे, तेवढेच बाजूला काढा. त्यांतल्या ज्या शेऱ्यात तारीख किंवा महिना नाही, तो सही न करता विभागप्रमुखाकडे परत पाठवा. पुढच्या वर्षासाठी प्रमुखांना आतापासून दर तिमाहीला प्रत्येक माणसामागे दोन ओळींची नोंद ठेवायला सांगा. हे केलेत, तर पुढच्या मार्चमध्ये शेरा स्मरणशक्तीच्या भरवशावर लिहावा लागणार नाही.