‘असतो’ दोनदा, ‘वुड हॅव’ एकदाच!

दोस्तांनो, तुम्ही धापा टाकत धुळ्याच्या बसस्थानकावर पोचता आणि जळगावची एसटी नुकतीच सुटलेली असते. तुम्ही म्हणता, "लवकर आलो असतो, तर बस मिळाली असती." आता हेच इंग्रजीत सांगा बघू!

बरेच जण म्हणतात, "इफ आय वुड हॅव कम अर्लियर, आय वुड हॅव कॉट द बस." ही चूक आपल्या मराठीतूनच येते बरं का! आपल्याकडे ‘असतो’, ‘असती’ दोन्ही भागांत येतं, म्हणून आपण ‘वुड हॅव’ही दोन्हीकडे ठोकून देतो. अमेरिकेत बोलताना काही जण असं म्हणतातही, पण पेपरात गुण जातील. ‘इफ’च्या भागात ‘हॅड’ हवं आणि ‘वुड हॅव’ फक्त परिणामाच्या भागात: "इफ आय हॅड कम अर्लियर, आय वुड हॅव कॉट द बस."

एव्हाना एसटी पारोळ्याच्या वाटेला लागली. आता नुसती हळहळ: "लवकर आलो असतो तर!" मराठीत आपण पुढचा भाग गिळून टाकतो. इंग्रजीत सुरुवातीला ‘आय विश’ येतं, ‘इफ’ जातं, ‘हॅड’ मात्र तसंच राहतं: "आय विश आय हॅड कम अर्लियर."

करा पाहू इंग्रजी!
१. पाऊस पडला असता, तर कापूस वाचला असता.
२. छत्री आणली असती तर!

उत्तरे :
१. इफ इट हॅड रेन्ड, द कॉटन वुड हॅव सर्व्हाइव्हड.
२. आय विश आय हॅड ब्रॉट ॲन अंब्रेला.