बोलणाऱ्याचा श्वास कापू नका

कॅमेऱ्यासमोर एकटा माणूस बसतो आणि काहीतरी समजावून सांगतो, अशा व्हिडिओंच्या संकलनाबद्दल एक मत हल्ली नियमासारखं शिकवलं जातं. जिथे आवाज नाही तिथे काहीच नाही, म्हणून ते सगळं काढून टाका. त्यासाठी अनेक सॉफ्टवेअरमध्ये तयार सोयच असते. आवाजाची एक पातळी ठरवायची, समजा उणे ३५ डेसिबल. तिच्याखाली जे जाईल ते शांतता म्हणून कापलं जातं आणि उरलेले तुकडे एकमेकांना चिकटतात. मग ‘अं’, ‘म्हणजे’, ‘तर’ शोधून तेही काढायचे. हे मत चुकीचं आहे, आणि मराठी बोलण्याचं त्याने विशेष नुकसान होतं.

त्यातलं खरं आहे ते आधी मान्य करायला हवं. समोर श्रोता नसताना माणूस अडखळतो, पुढचं वाक्य आठवायला थांबतो, एकच गोष्ट तीनदा सुरू करतो. समोरासमोर बसलेला श्रोता हे सहज सोसतो, कारण तो बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा शोध पाहत असतो आणि मान डोलावून त्याला साथ देत असतो. पडद्यापुढच्या माणसाला ती साथ देता येत नाही. तेव्हा कापायला हवंच. वाद आहे तो काय कापायचं आणि किती, याचा.

शांतता ही एकच एक वस्तू आहे, ही पहिली चूक. ‘सत्तर’ हा शब्द उच्चारून पाहा. जोडाक्षरापाशी जीभ दातांमागे टेकते, हवा अडते आणि क्षणभर आवाज जवळजवळ शून्यावर येतो. शब्दाच्या पोटातलीच ही शांतता आहे. किमान शांततेची मर्यादा फार आखूड ठेवली, तर यंत्र तीही खातं आणि ‘सत्तर’चा ‘सतर’ होतो. दुसरी अडचण याहून मोठी आहे. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं, आणि नकारही तिथेच येतो. वाक्य संपत येतं तसा श्वास सरतो, सूर उतरतो, आवाज मंदावतो. म्हणजे ज्या शब्दावर सगळ्या वाक्याचा अर्थ टांगलेला असतो, तोच सर्वांत हळू आवाजात उच्चारला जातो आणि ठरवलेल्या पातळीखाली घसरतो.

एक उदाहरण सबंध घेऊ. समजा एक डॉक्टर औषध कसं घ्यायचं ते सांगत आहेत: “ही गोळी रिकाम्या पोटी… अं… म्हणजे… म्हणजे सकाळी उठल्याउठल्या… घ्यायची नाही. … जेवणानंतर घ्यायची.” ‘पोटी’नंतर ०.९ सेकंद शांतता, मग ०.४ सेकंदाचा ‘अं’, ०.६ सेकंद शांतता, ०.४ सेकंदाचं पहिलं ‘म्हणजे’, पुन्हा ०.३ सेकंद शांतता. ‘उठल्याउठल्या’नंतर अर्धा सेकंद थांबून ०.४ सेकंदाचा श्वास. ‘नाही’नंतर १.४ सेकंद.

यंत्र सगळी शांतता कापतं, आणि श्वास हळू असल्याने तोही जातो. वाचले ४.१ सेकंद. पण ‘अं’ आणि दोन्ही ‘म्हणजे’ एकमेकांना खेटून उरतात, ‘नाही’चं शेपूट तुटून ‘ना’ होतं आणि लगेच ‘जेवणानंतर’ येऊन आदळतं. आता ऐकणाऱ्याला काय समजेल? “घ्यायची ना, जेवणानंतर घ्यायची.”

हाताने कापताना ‘अं’ आणि पहिलं ‘म्हणजे’ त्यांच्या भोवतीच्या शांततेसह काढावं, पण ०.३ सेकंदाचा थांबा राखावा. दुसरं ‘म्हणजे’ ठेवावं, कारण ते भराव नाही. ‘रिकाम्या पोटी’चा अर्थ ते उलगडतं. शब्दांची यादी देऊन आपोआप काढणारी सोय हा फरक कसा ओळखणार? श्वास अख्खा ठेवावा आणि त्याआधीची शांतता ०.१ सेकंदावर आणावी. अर्धवट कापलेला श्वास उचकीसारखा ऐकू येतो. तो पूर्ण ठेवा किंवा पूर्ण काढा. ‘नाही’ पूर्ण विरू द्यावं आणि पुढे ०.७ सेकंद सोडावेत. या रीतीने ३.४ सेकंद वाचले. यंत्राने आपल्यापेक्षा ०.७ सेकंद जास्त वाचवले, म्हणजे नकार मनात ठसायला आपण राखला तेवढाच वेळ. एवढ्याशा बचतीसाठी रुग्णाला उलटी सूचना देणं मला मान्य नाही.

यावर दिग्दर्शक गोदारचा दाखला दिला जातो: १९६० सालच्या ‘ब्रेथलेस’मध्ये त्याने शॉटच्या मधूनच तुकडे काढले, आणि तेव्हापासून उडी मारणारा कट ही सर्वमान्य भाषा झाली. त्या चित्रपटातला मोटारीतला प्रसंग पुन्हा पाहा. जीन सीबर्गच्या पाठमोऱ्या मानेवर कॅमेरा आहे, प्रत्येक कटला मागचा रस्ता बदलतो, पण बेलमोंदोचं बोलणं त्या कटांवरून पुढे चालत राहतं. तिथे चित्र उडी मारतं, वाणी मारत नाही. आजच्या व्हिडिओत आपण दोन्ही एकाच जागी तोडतो आणि दाखला मात्र त्याचा देतो.

उलट बाजूचे लोक म्हणतात, कट म्हणजे फसवणूक. माणूस जसा बोलला तसाच दाखवा. अडखळणं ही माहिती नसते तिथे हा आक्षेप टिकत नाही. वरच्या डॉक्टरांचा ‘अं’ काढल्याने त्यांच्या सांगण्यात काहीही बदललं नाही. पण मुलाखतीत एखाद्या अधिकाऱ्याला “पैसे कुठे गेले?” असं विचारल्यावर तो चार सेकंद गप्प बसला, तर ते चार सेकंद त्याच्या उत्तराचा भाग आहेत. ते कापणं आणि दोन उत्तरांचे तुकडे जोडून तिसरंच वाक्य तयार करणं, या दोन्हीला मी फसवणूकच म्हणेन.

कानाला खटकू नये म्हणून काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. चित्रीकरणाच्या जागी कोणीही न बोलता अर्धा मिनिट आवाज मुद्रित करून ठेवावा. पंख्याची घरघर कटपाशी अचानक तुटते, तेव्हा वाढवलेल्या विरामाखाली हाच तुकडा घालता येतो. जोडावर आवाजाचा एकदोन फ्रेमचा मिलाफ द्यावा. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची होते, एवढ्याने टिचकी नाहीशी होते. सर्वांत अवघड जोड वाक्याच्या मध्ये असतो. वाक्याच्या सुरुवातीला सूर चढा असतो, शेवटी उतरलेला. मधले चार शब्द काढून चढ्या सुराला उतरता सूर जोडला, तर व्याकरण शुद्ध राहूनही तो माणूस दुसऱ्याच कोणाच्या आवाजात बोलल्यासारखा वाटतो. अशा ठिकाणी कट न करणं बरं, नाहीतर ते वाक्य पुन्हा बोलवून घ्यावं.

चित्राचं काम त्यामानाने सोपं आहे. कटनंतर चेहरा थोडा मोठा करावा, साधारण १५ ते २० टक्के. त्याहून फार कमी केला तर बदल हेतुपुरस्सर न वाटता धक्का बसल्यासारखा वाटतो. मूळ चित्रीकरण 4K असेल आणि व्हिडिओ 1080p मध्ये द्यायचा असेल, तर एवढं मोठं करूनही चित्र फुटत नाही. मात्र प्रत्येक कटला हे करू नये, मुद्दा बदलतो तिथेच करावं. पापणी मिटते ती जागा कटला अनेकदा चांगली असते. ‘द कॉन्व्हर्सेशन’ या १९७४ सालच्या चित्रपटाचं संकलन करताना वॉल्टर मर्चच्या लक्षात आलं होतं, की आपण जिथे कापायचं ठरवतो तिथेच अभिनेता जीन हॅकमन बहुधा पापणी मिटतो.

स्वतःचं बोलणं स्वतः कापणाऱ्यांना माझी विनंती आहे. व्हिडिओ प्रसिद्ध करण्याआधी तो एकदा डोळे मिटून ऐका. जिथे दोन श्वास लागोपाठ येतील, जिथे ‘आहे’ किंवा ‘नाही’ अपुरं वाटेल, जिथे ऐकता ऐकता तुम्हालाच श्वास घ्यावासा वाटेल, तिथे परत जा आणि कापलेलं थोडं परत आणून ठेवा.