बॉक्समधून एखादी वस्तू गायब असेल, तर पूर्ण पैसे परत मिळतात की थोडेच?

ऑनलाइन मागवलेला बॉक्स उघडला आणि त्यातली एखादी वस्तूच नाही, हा अनुभव अनेकांना येतो. कधी मिक्सरचा जार कमी असतो, कधी सोबत 'फ्री' म्हटलेली बॅग येत नाही, तर कधी माहितीपुस्तिका नसते. विक्रेता म्हणतो, "मुख्य वस्तू तर मिळाली ना?" ग्राहक म्हणतो, "मग सगळंच परत घ्या." कायदा या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभा आहे. नेमका कुठे, हे एका उदाहरणातून पाहूया.

समजा, नाशिकमधल्या अंबडच्या एका कुटुंबाने ४,५०० रुपयांचा मिक्सर ऑनलाइन मागवला. वेबसाइटवर चार जार आणि सोबत एक चॉपर मोफत, असं लिहिलं होतं. घरी आलेल्या बॉक्समध्ये तीनच जार निघाले. चटणीचा छोटा जार नव्हता, चॉपर नव्हता आणि माहितीपुस्तिकाही नव्हती. तिन्ही गोष्टी 'मिळाल्या नाहीत' या एकाच तक्रारीत बसतात, पण तिन्हींचं उत्तर वेगळं आहे.

जार कमी असेल तर?

चौथा जार हा विकलेल्या वस्तूचाच भाग आहे. इथे १९३० चा वस्तू विक्री कायदा लागू होतो. त्याचं कलम ३७ सांगतं की ठरलेल्यापेक्षा कमी माल आला, तर खरेदीदार तो नाकारू शकतो. पण त्याने तो ठेवून घेतला, तर जेवढा माल मिळाला तेवढ्याचेच पैसे ठरलेल्या दराने द्यायचे. परत करायचं की कमी पैशात ठेवायचं, हे दोन्ही पर्याय या एका कलमात आहेत.

पाकिटबंद मालाच्या नियमांचीही इथे मदत होते. २०११ च्या या नियमांनुसार पाकिटात एकापेक्षा जास्त वस्तू असतील, तर प्रत्येकीचं नाव आणि संख्या पाकिटावर छापावी लागते. त्यामुळे बॉक्सवर '४ जार' छापलेलं असेल, तर तो फोटो ग्राहकाचा सर्वात भक्कम पुरावा ठरतो.

मात्र इथे एक मर्यादा आहे. माल स्वीकारल्यानंतर तो पूर्ण नाकारण्याचा हक्क सहसा संपतो. कलम ४२ प्रमाणे वाजवी वेळेत काहीही न कळवता माल ठेवून घेतला, किंवा आपलाच असल्यासारखा वापरला, तरी तो स्वीकारला असं धरलं जातं. म्हणजे या कुटुंबाने दोन महिने मिक्सर वापरला आणि मग जार आठवला, तर सगळे ४,५०० रुपये मागणं अवघड. जाराची किंमत मात्र मागता येते.

'फ्री' वस्तू आली नाही तर?

"फुकटच होतं, त्याचे कसले पैसे?" हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, पण तो टिकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येत भेटवस्तूंचा स्पष्ट उल्लेख आहे. जाहीर केलेली भेट न देण्याच्याच इराद्याने जाहीर करणं, ही अनुचित प्रथा आहे. तिची किंमत मूळ रकमेत धरलेली असताना ती मोफत असल्याचा भास निर्माण करणं, हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे.

तरीही चॉपर आला नाही म्हणून मिक्सर परत करण्याचा दावा कमजोर आहे. वस्तू विक्री कायद्याचं कलम १२ दोन प्रकारच्या कबुल्यांमध्ये फरक करतं. व्यवहाराच्या मुख्य हेतूला अत्यावश्यक असलेली कबुली मोडली, तर माल नाकारता येतो. जोडीची, दुय्यम कबुली मोडली, तर फक्त भरपाई मागता येते. मिक्सर वाटण्यासाठी घेतला आणि तो वाटतो आहे, तर चॉपर दुय्यम ठरतो. मागणी चॉपरची किंवा त्याच्या बाजारभावाची करावी. आणि जाहिरातीत 'साठा असेपर्यंत' अशी अट ठळकपणे दिली असेल, तर तीही वाचावी लागेल.

माहितीपुस्तिका नसेल तर?

बहुतेक वेळा ती कंपनीच्या वेबसाइटवर मिळते, त्यामुळे नुसत्या पुस्तिकेसाठी पैसे परत मिळण्याची शक्यता कमी. पण वस्तू चुकीच्या वापराने इजा करू शकत असेल, तर मुद्दा गंभीर होतो. २०१९ च्या कायद्याचं कलम ८४ सांगतं की इजा टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारे दिले नसतील, तर त्यातून झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादकावर येऊ शकते. ही भरपाई हानीची आहे, कागदाची नाही.

मग मोबाइलच्या चार्जरचं काय?

अॅपलने ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ पासून बॉक्समधला चार्जर काढून टाकला आणि पुढच्या वर्षी सॅमसंगने गॅलेक्सी एस२१ मध्ये तेच केलं. ब्राझील सरकारने २०२२ मध्ये अॅपलला यासाठी दंड ठोठावला. भारतात मात्र चार्जर नाही हे बॉक्सवर आणि वेबसाइटवर आधीच लिहिलं असेल, तर तो 'कमी निघाला' असं म्हणता येत नाही. जे कबूल केलं नव्हतं, ते गायबही होत नाही. उलट वेबसाइटवरच्या यादीत चार्जर असेल आणि बॉक्समध्ये नसेल, तर ती चटणीच्या जारासारखीच गोष्ट आहे.

थोडे पैसे म्हणजे नेमके किती?

विक्रेते अनेकदा सरळ टक्केवारी देऊ करतात, पण हिशेब वेगळा आहे. चार जारांपैकी एक नाही, म्हणून ४,५०० चा चौथा भाग मिळणार नाही, कारण किमतीत मोटारही आहे. सुट्या जाराची किंमत ७०० रुपये असेल, तर मागणी साधारण ७०० रुपये आणि तो मागवण्याचा खर्च, एवढी असावी. रक्कम स्वीकारताना विक्रेत्याचा मजकूर वाचावा. 'पूर्ण आणि अंतिम तडजोड' असं लिहिलेलं मान्य केलं, तर नंतर चॉपरचा विषय उकरणं कठीण जातं.

तक्रार कशी करायची?

बॉक्स फेकू नये. त्यावरची यादी, कुरिअरच्या लेबलवरचं वजन आणि वेबसाइटवरच्या वर्णनाचा स्क्रीनशॉट जपावा. वजन अपेक्षेपेक्षा कमी असेल, तर जार आधीपासूनच नव्हता हे दाखवता येतं. बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ उपयोगी पडतो, पण त्याशिवाय तक्रारच करता येणार नाही, अशी अट कायद्यात नाही.

तक्रार लगेच आणि लेखी करावी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. तिथे काम झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असो की बेंगळुरूचा, अंबडच्या ग्राहकाला नाशिकच्याच आयोगात जाता येतं, कारण नवा कायदा राहत्या जिल्ह्यात तक्रार करू देतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

या कुटुंबाची योग्य मागणी म्हणूनच अशी असेल: पहिल्या एक-दोन दिवसांत कळवलं, तर जार पाठवा, नाहीतर मिक्सर परत घ्या. उशीर झाला, तर जाराचे पैसे द्या. चॉपर किंवा त्याची किंमत द्या. आणि पुस्तिका पाठवा.